चेंडूकडे न बघणारा आणि चेंडूसाठी जीव टाकणारा

उंच वाढलेल्या गवतात टेनिसचा चेंडू फेकायचा. कुत्र्याने तो पडताना पाहिला, की त्याला धरून जागच्या जागी दोन-तीन गिरक्या घालायला लावायच्या, म्हणजे दिशेचा अंदाज बिघडतो. मग पट्टा सोडायचा आणि घड्याळ बघत उभं राहायचं. पोलीस आणि लष्करी श्वानपथकांसाठी कुत्री निवडणारे लोक वर्षानुवर्षं ही साधी चाचणी घेत आले आहेत. बरीच कुत्री पाच-दहा सेकंद हुंगतात, चेंडू मिळाला नाही की मालकाकडे परत येतात किंवा एखाद्या झुडपापाशी पाय वर करतात. क्वचित एखादा मात्र शोधत राहतो. दमतो, धापा टाकतो, काटे टोचतात, तरी नाक जमिनीवरून उचलत नाही. निवडणाऱ्याला तोच हवा असतो.

आता हाच कुत्रा अंध माणसाला वाट दाखवायला दिला तर? बागेजवळून जाताना मुलांचा चेंडू रस्त्यावर आला, की पाठोपाठ कुत्राही रस्त्यावर जाईल आणि त्याच्यामागे माणूसही.

नाकाने शोध घेणारी आणि अंधांना वाट दाखवणारी कुत्री दिसायला सारखीच असतात. दोन्ही कामांत लॅब्राडोर फार. पण एका कामातला गुण दुसऱ्या कामात दोष ठरतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या सीमाशुल्क विभागाने १९९०च्या दशकात शोधक कुत्र्यांची स्वतःची पैदास सुरू केली, तेव्हा पायाभूत लॅब्राडोर मार्गदर्शक श्वानांच्या संस्थेकडूनच घेतले आणि पुढच्या पिढ्यांमध्ये चेंडूचं वेड असलेली पिल्लं निवडत नेली. आजही अनेक देशांत मार्गदर्शक श्वानांच्या शाळेतून 'फार चंचल, सतत नाक खाली' असा शेरा मिळून बाहेर पडलेली कुत्री विमानतळावरच्या सामानाची तपासणी करताना दिसतात.

दोघांत सामाईक असावी लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे घट्ट मन. कुत्रा दचकणारच नाही, अशी अपेक्षा कोणी करत नाही. दचकल्यावर तो किती लवकर सावरतो, हे पाहिलं जातं. पाठीमागे पत्र्याचा डबा पाडतात, समोर अचानक छत्री उघडतात, गुळगुळीत फरशीवरून आणि खालचं दिसेल अशा लोखंडी जाळीच्या जिन्यावरून चालवतात. दचकून मागे सरलेलं पिल्लू काही क्षणांत स्वतःहून पुढे येऊन तो डबा हुंगू लागलं, तर ते उपयोगाचं. दहा मिनिटांनीही त्या कोपऱ्याकडे जायला तयार नसेल, तर कितीही हुशार असलं तरी त्याला घरगुती आयुष्य बरं.

हे सावरणं काही अंशी रक्तातून येतं आणि काही अंशी पहिल्या तीन-चार महिन्यांत घडतं. याचा छडा लागण्याची हकिकत मोठी बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल इथे अंधांसाठी कुत्री तयार करणारी एक शाळा होती. १९४६ साली तिथे शिक्षणाला घेतलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम नऊ टक्के कुत्री शेवटपर्यंत टिकत. क्लॅरेन्स फॅफेनबर्गर हे तिथे पिल्लांच्या निवडीचं काम पाहत. त्यांनी जॅक्सन प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वभावावर संशोधन करणाऱ्या जॉन पॉल स्कॉट यांची मदत घेतली. शाळेने स्वतःची पैदास सुरू केली. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांच्या साप्ताहिक चाचण्या होऊ लागल्या आणि निवडलेली पिल्लं वाढवायला कुटुंबांकडे देण्यात आली.

आकडे सुधारले, पण मध्येच एक कोडं पडलं. चाचणीत पहिली आलेली काही पिल्लं मोठेपणी सपशेल नापास होत होती. नोंदी तपासल्यावर उलगडा झाला. चाचण्या बारा आठवड्यांच्या वयाला संपत. त्यानंतर आठवडाभरात ज्या पिल्लांना घर मिळालं, त्यांतली सुमारे ९० टक्के पुढे मार्गदर्शक झाली. ज्यांना घर मिळायला तीन आठवड्यांहून जास्त उशीर झाला, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. पिंजऱ्यात पिल्लांना खाणंपिणं मिळत होतं, भावंडंही सोबत होती. मिळत नव्हती ती माणसांची ये-जा, भांड्यांचे आवाज, जिने, गाड्या आणि पाहुणे. तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या या काळात कुत्र्याच्या मेंदूत 'जगात काय असतं' याची यादी तयार होते. त्या यादीत जे आलं नाही, ते पुढे आयुष्यभर संशयास्पद ठरतं.

आज जगभरच्या मार्गदर्शक श्वानांच्या शाळा पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की स्वयंसेवी कुटुंबांकडे देतात आणि वर्ष-सव्वा वर्षाने परत घेतात. त्या काळात कुटुंबाने त्यांना फारसं काही 'शिकवायचं' नसतं. बाजार, बस, लिफ्ट, शाळा, पाऊस यांची ओळख करून द्यायची आणि जमिनीवर पडलेलं खायचं नाही एवढी शिस्त लावायची.

लाडाचीही एक मर्यादा असते, हे अलीकडे कळलं. न्यू जर्सीतल्या 'द सीइंग आय' या शाळेतल्या ९८ पिल्लांचा जन्मापासून मागोवा घेऊन एमिली ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली निष्कर्ष मांडले. काही कुत्र्या आडव्या पडून पाजतात. पिल्लांना सगळं आयतं मिळतं. काही बसून किंवा उभ्याने पाजतात, तेव्हा पिल्लांना धडपड करून आचळापर्यंत पोचावं लागतं. पिल्लांना सतत चाटणाऱ्या, त्यांच्याजवळून न हलणाऱ्या आयांची पिल्लं पुढे जास्त प्रमाणात नापास झाली आणि उभ्याने पाजणाऱ्या आयांची पिल्लं जास्त पास झाली. मोठेपणी छत्री उघडल्यावर जी लगेच भुंकू लागली आणि खाऊ बाहेर काढण्याच्या कोड्यापुढे जी रेंगाळली, तीही मागे पडली.

वर्ष-सव्वा वर्षाचा कुत्रा शाळेत परतला की आधी वैद्यकीय तपासणी होते. खुब्याचा सांधा सैल असणं हा लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड यांचा आनुवंशिक दोष. तो आढळला की प्रवास तिथेच संपतो, कारण पुढची सात-आठ वर्षं रोज चालायचं असतं. डोळे आणि त्वचेची ॲलर्जीही पाहतात. त्यानंतर अंगावर साज चढतो. छातीभोवती पट्टा आणि पाठीवर उभी कडक मूठ अशी त्याची रचना असते. कुत्रा डाव्या हाताला चालतो आणि त्याची प्रत्येक हालचाल त्या मुठीतून माणसाच्या हातात पोचते. काही कुत्र्यांना पाठीवरचा हा दाबच सहन होत नाही. साज दिसला की ती अंग चोरतात, शेपूट खाली घेतात. अशांना जबरदस्ती करून कोणी पास करत नाही, कारण नाखुशीने ओढणारा कुत्रा मुठीतून चुकीचे निरोप देतो.

पुढच्या चार ते सहा महिन्यांत तो ज्या गोष्टी शिकतो, त्या ऐकायला सोप्या वाटतात. सरळ रेषेत चालायचं, फूटपाथची कड आली की थांबायचं, अडथळा वळसा घालून टाळायचा. अवघड आहे ते स्वतःच्या नव्हे, तर दोघांच्या मापाने जगाकडे बघणं. कुत्रा झुकलेल्या फांदीखालून आरामात जातो, माणसाचं कपाळ मात्र आपटतं. म्हणून प्रशिक्षक मुद्दाम फांदीपाशी थांबतो, हाताने तिच्यावर थापट्या मारतो, चार पावलं मागे जातो आणि पुन्हा तिथूनच चालायला लागतो. असं अनेक ठिकाणी केल्यावर एके दिवशी कुत्रा स्वतःहून फांदीला बगल देतो आणि त्याच क्षणी त्याचं भरभरून कौतुक होतं. शेवटच्या परीक्षेत प्रशिक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून गजबजलेल्या रस्त्यावरून त्याच्याबरोबर चालतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाटेची माहिती कुत्र्याला नसते, ती माणसाला असते. 'सरळ', 'डावीकडे' हे माणूस सांगतो. सिग्नलचा दिवा बघून कुत्रा निर्णय घेत नाही. वाहनांचा आवाज ऐकून रस्ता ओलांडायचं माणूस ठरवतो. कुत्र्याचं खरं शिक्षण यानंतर सुरू होतं. माणसाने 'पुढे' म्हटलं आणि समोरून गाडी येत असली, की त्याने हुकूम मोडायचा असतो. जागेवर थांबायचं, प्रसंगी माणसासमोर आडवं व्हायचं. एरवी शब्दाबाहेर न जाणारा, पण नेमक्या वेळी नकार देणारा कुत्रा तयार करणं हा या विद्येचा गाभा. नुसता आज्ञाधारक कुत्रा इथे धोकादायक असतो आणि नुसता स्वतंत्र वृत्तीचाही. त्यासाठी प्रशिक्षकाचे सहकारी ठरवून गाड्या आडव्या घालतात, आणि नकार दिला तर शिक्षा होत नाही, शाबासकी मिळते, हे कुत्र्याच्या मनावर ठसवलं जातं.

या कसबाची सर्वांत गाजलेली परीक्षा १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. नॅशव्हिल शहरातला अंध तरुण मॉरिस फ्रँक याने डोरोथी युस्टिस यांचा एक लेख वाचून घेतला होता. युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाई. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री कशी तयार केली जातात, हे त्यांनी त्यात लिहिलं होतं. फ्रँक त्यांच्याकडे गेला आणि तिथे शिकलेली जर्मन शेफर्ड जातीची मादी घेऊन परतला. तिचं मूळ नाव किस. चारचौघांत 'किस, किस' अशा हाका कशा मारायच्या म्हणून त्याने तिचं नाव बडी ठेवलं. बोटीवरून उतरताच बातमीदारांनी त्याला रुंद आणि बेफाम वाहतुकीच्या वेस्ट स्ट्रीटवर नेलं आणि ओलांडून दाखवायला सांगितलं. बडी थांबत, मागे येत, पुन्हा पुढे होत पलीकडे पोचली. फ्रँकने युस्टिस यांना एका शब्दाची तार केली, 'यश'. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली.

आता त्या चेंडूवेड्याकडे वळू. मुंबईकरांना त्यातला सर्वांत ओळखीचा झंजीर. १९९२ साली जन्मलेला हा लॅब्राडोर पुण्यात सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक व नाशक पथकात दाखल झाला. अडीच-तीन महिन्यांतच, १२ मार्च १९९३ला, शहरात साखळी स्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं त्याने दाखवून दिली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब यांची नोंद आहे.

पण झंजीरला 'बाँब' म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. त्याच्यासारख्या कुत्र्याच्या लेखी एक विशिष्ट वास म्हणजे चेंडू, एवढंच असतं. हे समीकरण असं बसवतात. एका ओळीत एकसारखी खोकी मांडलेली असतात. त्यांतल्या एकात स्फोटकाचा नमुना. कुत्रा प्रत्येक खोकं हुंगत जातो. नमुन्याच्या खोक्यापाशी नाक रेंगाळलं, की त्याच जागी चेंडू पडतो. तो हस्तकाच्या हातून येत नाही, वासाच्या जागेवरूनच आल्यासारखा वाटतो, याची काळजी घेतात. काही दिवसांत वास आला की कुत्रा चेंडूची वाट बघू लागतो. मग त्याला बसायला शिकवतात. बसल्याशिवाय चेंडू नाही. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याने खुणेसाठी खरवडायचं किंवा भुंकायचं नसतं, कारण पंजाच्या धक्क्याने नको ते होऊ शकतं. एक वास पक्का झाला की दुसरा, तिसरा. मग खोक्यांऐवजी खोल्या, गाड्या, सामानाचे ढीग.

यात गोम अशी, की कुत्रा नेमकं काय शिकला हे बाहेरून दिसत नाही. नमुना दरवेळी त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला, तर कुत्रा स्फोटकाऐवजी त्या पिशवीचा वास शिकतो. नमुना ठेवणाऱ्याने इतर खोक्यांना हातच लावला नाही, तर कुत्रा माणसाच्या ताज्या हाताचा माग काढतो आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. म्हणून रिकाम्या खोक्यांनाही तेच हातमोजे, तीच पिशवी, तीच चिकटपट्टी लावून ठेवतात. त्यांच्यापुढे कुत्रा बसला, तर चूक शिकवणाऱ्याची असते. शिवाय शुद्ध आरडीएक्स हवेत जवळजवळ उडतच नाही. कुत्र्याच्या नाकाला मिळतात ते त्यात राहिलेल्या द्रावकाचे आणि इतर मिश्रणांचे कण. कारखाना बदलला की हा वासही थोडा बदलतो, त्यामुळे एकाच नमुन्यावर शिकलेला कुत्रा दुसऱ्या मालापाशी गोंधळू शकतो. प्रमाणाचंही तसंच आहे. पन्नास ग्रॅमवर शिकलेल्याला पोतंभर माल वेगळाच भासतो, म्हणून सरावात कमी-जास्त दोन्ही ठेवावं लागतं.

कसलेला हस्तक कुत्रा बसायची वाट बघत नाही. त्याआधीच त्याला कळतं. चालता चालता कुत्र्याची मान झटकन मागे वळते, धापा थांबून तोंड मिटतं, हुंगण्याचा वेग वाढतो, शेपटीची लय बदलते. तोंड मिटणं महत्त्वाचं, कारण धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी केलेल्या तपासणीवर म्हणूनच फार भरवसा ठेवता येत नाही. सलग वीस-तीस मिनिटांच्या कामानंतर नाकाला विश्रांती द्यावी लागते.

या पद्धतीची सगळ्यात मोठी दुखरी बाजू दोरीच्या दुसऱ्या टोकाला असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला. कामावर असलेल्या १८ श्वान-हस्तक जोड्यांना एका चर्चच्या खोल्या तपासायला सांगितल्या. काही ठिकाणी लाल कागद लावलेले होते आणि कागद म्हणजे तिथे माल लपवल्याची खूण, असं हस्तकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात सगळ्या इमारतीत कुठेच माल ठेवलेला नव्हता. एकूण १४४ तपासण्यांपैकी फक्त २१ तपासण्यांमध्ये हस्तकांनी 'काही नाही' असं सांगितलं. उरलेल्यांत मिळून कुत्र्याने खूण दिल्याच्या २२५ नोंदी झाल्या आणि लाल कागदांपाशी त्या जास्त होत्या. याला दोन कारणं असू शकतात. संशयाच्या जागी हस्तकाचं पाऊल नकळत मंदावतं, दोरी ताणली जाते आणि ते ओळखून कुत्रा बसतो. किंवा कुत्रा नुसता रेंगाळला तरी हस्तकाला खूण दिसते.

यावर उपाय आहे, पण तो कंटाळवाणा आहे. माल कुठे आहे हे हस्तकालाही ठाऊक नसेल असा सराव हवा आणि त्यातल्या काही खेपांना कुठेच माल नसावा. 'इथे काही नाही' हेही बरोबर उत्तर असतं, हे कुत्र्याला आणि माणसाला दोघांनाही शिकावं लागतं. ज्या पथकात असा सराव होत नाही, तिथला कुत्रा हळूहळू हस्तकाच्या मनातलं ओळखणारा कुत्रा बनतो. त्यामुळेच टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात असो किंवा मीरतच्या लष्करी केंद्रात, कुत्र्याबरोबर त्याचा हस्तकही शिकतो.

भारतात शोधक कुत्री ठिकठिकाणी दिसतात, मार्गदर्शक श्वान मात्र जवळपास दिसतच नाहीत. कारण फक्त पैशांचं नाही. त्या शिक्षणाचा पाया फूटपाथची सलग कड हा आहे. आपल्याकडे फूटपाथ मध्येच संपतो, त्यावर टपरी असते, दुचाकी उभी असते. शिवाय प्रत्येक गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची आपापली हद्द ठरलेली असते आणि पट्ट्यातला परका कुत्रा दिसला की ती टोळीने अंगावर येतात. मूठ हातात असलेल्या अंध माणसाला अशा वेळी बाजूलाही होता येत नाही. त्यामुळे पांढरी काठी हाच इथला भरवशाचा सोबती आहे.

रेल्वे स्थानकावर, विमानतळावर किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात श्वानपथक दिसलं, तर काही गोष्टी पाळायला हव्यात. कुत्र्याला च्यक-च्यक करून बोलावू नका, बिस्किट टाकू नका, मुलांना हात लावू देऊ नका. परदेशात साज घातलेला कुत्रा अंध व्यक्तीसोबत दिसला, तर कुत्र्याशी नव्हे, माणसाशी बोला. मदत हवी का ते विचारा आणि साजाची मूठ किंवा त्यांचा हात स्वतःहून धरू नका.